शेवटचे स्मरणपत्र आणि समारोपाचा संदेश

उमेदवाराने उत्तर देणे थांबवले की स्मरणपत्र पाठवायचे, हे प्रत्येक रिक्रूटरला ठाऊक असते. गोंधळ पुढे होतो, कारण समारोपाचा संदेश म्हणून जे पाठवले जाते ते बहुतेक वेळा धमकीची जोड दिलेले आणखी एक स्मरणपत्रच असते. ‘शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास आपला अर्ज बंद करण्यात येईल’ या वाक्याने काहीच बंद होत नाही. शुक्रवार उलटतो, रिक्रूटर सोमवारी पुन्हा फोन लावतो आणि दिलेल्या मुदतीला अर्थ उरत नाही.

स्मरणपत्र उत्तर मागते, तर समारोपाचा संदेश झालेला निर्णय कळवतो. ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: उमेदवाराने कधीच उत्तर दिले नाही, तरी संदेश पूर्ण राहतो का? राहत नसेल, तर ते स्मरणपत्र. म्हणूनच समारोपातल्या निर्णयाला ‘जर-तर’ नको आणि प्रश्नचिन्ह तर नकोच. लांबी आणि विषयाची ओळ यांतले फरक किरकोळ आहेत. मात्र विषयाच्या ओळीत ‘अंतिम सूचना’ असे लिहू नये, ती वीजबिलाच्या थकबाकीसारखी वाटते.

समजा, दोन फेऱ्या उत्तीर्ण झालेला उमेदवार तिसऱ्या फेरीची वेळ ठरवताना गप्प झाला. त्याला मी असे लिहीन:

‘नमस्कार. तिसऱ्या फेरीच्या वेळेबाबत आपल्याला 3 आणि 8 तारखेला मेल पाठवला होता व 11 तारखेला फोन केला होता. संपर्क होऊ न शकल्याने आपला अर्ज आज थांबवला आहे. या मेलला उत्तर देण्याची आवश्यकता नाही. पहिल्या दोन फेऱ्यांचा निकाल सहा महिने ग्राह्य राहील. त्या काळात पुन्हा बोलावेसे वाटल्यास याच मेलवर एक ओळ कळवावी. जागा तेव्हा रिकामी असल्यास तिसऱ्या फेरीपासून पुढे जाऊ.’

येथे ‘आपल्याला रस नाही असे समजतो’ हे वाक्य मुद्दाम टाळले आहे. गप्प राहण्याचे कारण घरातले आजारपणही असू शकते, आणि आपण लादलेले कारण खोडून काढण्याच्या संकोचाने माणूस परत येत नाही. ‘भविष्यात संधी असल्यास कळवू’ या वाक्याचा तर मला मनस्वी कंटाळा आहे, कारण त्यात परतण्याचा मार्ग उमेदवाराच्या हाती राहतच नाही. जागा राखून ठेवल्याचे आश्वासन मात्र देऊ नये, आणि सहा महिन्यांची मुदत लिहिण्यापूर्वी ती संबंधित विभागप्रमुखाकडून मान्य करून घ्यावी.

संदेश गेल्यावर अर्जाच्या नोंदीत ‘नाकारले’ हा शेरा निवडू नये. उमेदवार चार महिन्यांनी परतला आणि त्या वेळी नोंद पाहणारा रिक्रूटर दुसरा असला, तर तो शेरा वाचून दोन फेऱ्यांचा निकाल न बघताच त्याला परत पाठवेल. ‘प्रतिसाद नाही, थांबवले’ एवढे लिहून शेजारी मुदतीची तारीख नोंदवावी.