उलटे आकडे आणि झाडांमधली वाट

४, ९, १, ७, ३. हे आकडे एकदाच वाचा, नजर वळवा आणि शेवटापासून सुरुवातीकडे म्हणून दाखवा. पाच आकडे बहुतेकांना जमतात, सातला मात्र घाम फुटतो. आकडे धरून ठेवायचे, मनात फिरवायचे आणि मधेच घुसणारा दुसरा विचार बाजूला सारायचा, हे सगळं एकाच वेळी करावं लागतं.

हे बाजूला सारणं कष्टाचं असतं. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांचं म्हणणं असं की लक्ष दोन तऱ्हांचं असतं. एक आपण जोर लावून टिकवतो आणि ते दमतं. दुसरं आपसूक वेधलं जातं, त्याला जोर लागत नाही. हलणारी पानं किंवा सरकणारे ढग मनाला हळुवार भुरळ घालतात, पण सगळं मन व्यापत नाहीत. तेवढ्या वेळात पहिल्या लक्षाला सुट्टी मिळते. गजबजलेल्या रस्त्यावर उलट होतं. तिथे हॉर्न लक्ष हिसकावून घेतो आणि गाड्या चुकवताना जोरही लावावाच लागतो.

मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे ताडून पाहिलं. ३८ विद्यार्थ्यांची आधी उलट्या आकड्यांची चाचणी झाली, मग त्यांना डोकं शिणवणारं काम दिलं आणि त्यानंतर पाऊण-एक तास चालायला पाठवलं. निम्मे वृक्षोद्यानात गेले, निम्मे वाहत्या रस्त्याने. आठवड्याने अदलाबदल झाली, म्हणजे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच. परतल्यावर तीच चाचणी घेतली. झाडांमधून आलेल्यांचे गुण सरासरी दीडने वाढले, रस्त्यावरून आलेल्यांचे अर्ध्याने. ही अर्ध्याची वाढ सरावाचीही असू शकते, कारण चाचणी दुसऱ्यांदा दिली की थोडी सोपी जातेच.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट थंडीची वाटते. कडाक्याच्या हिवाळ्यात चाललेल्यांना फेरी काही फार आवडली नव्हती, तरी गुण सुधारले. मनःस्थिती किती सुधारली याचाही गुणांशी मेळ बसला नाही. म्हणजे ‘छान वाटलं म्हणून डोकं चाललं’ एवढ्यावर भागत नाही.

तरी एक अडचण उरतेच. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटं झाड कसं देणार? आपण उद्यानात चाललो हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि बरं वाटण्याची अपेक्षाही आपलं काम करते. शिवाय पुढच्या अभ्यासांत लक्षाच्या सगळ्याच चाचण्यांत सुधारणा दिसली नाही. उलट्या आकड्यांत ती बऱ्यापैकी टिकली, इतर काहींत फरक जेमतेम. सिद्धान्ताची खरी दुखरी जागा तर याहून आत आहे. ‘दमलेलं लक्ष’ थेट मोजता येत नाही. गुण वाढले की ते ताजंतवानं झालं असं आपण मागाहून म्हणतो.