स्कॅनरच्या खोक्यावरचा आकडा आणि काचेखालचे भिंग

फ्लॅटबेड स्कॅनर विकत घेताना पहिली नजर डीपीआयच्या आकड्याकडे जाते. त्या आकड्याला सुरुवातीला नेमका भौतिक अर्थ होता. काचेखाली सरकणाऱ्या गाड्यात आरसे, एक भिंग आणि एका रेषेत मांडलेल्या प्रकाशसंवेदी पेशींची पट्टी, म्हणजेच सीसीडी सेन्सर, असतो. काचेची रुंदी साडेआठ इंच आणि पट्टीवरील पेशी 2550 असतील, तर प्रत्येक इंचाला 300 पेशी येतात. म्हणून तो स्कॅनर 300 डीपीआयचा. 1987 मध्ये आलेला एचपीचा पहिला स्कॅनजेट असाच 300 डीपीआयचा होता, आणि 1991 मधला रंगीत स्कॅनजेट टूसी 400 डीपीआयचा. लेझर प्रिंटरही त्या काळी 300 डीपीआयचेच असल्यामुळे या आकड्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

गोंधळ पुढच्या दशकात वाढला. जास्त पेशींची पट्टी आणि तिला साजेसे भिंग महाग पडे. सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवणे मात्र जवळजवळ फुकट होते. त्यामुळे स्वस्त स्कॅनरच्या खोक्यावर 4800 किंवा 9600 डीपीआय ठळक अक्षरांत आणि ‘ऑप्टिकल 300 × 600’ बारीक अक्षरांत, अशी छपाई रूढ झाली. मोठा आकडा इंटरपोलेशनचा असे. त्यात शेजारच्या दोन पिक्सेलांच्या किमतींवरून मधल्या किमती हिशेबाने काढल्या जातात: एका पिक्सेलची उजळता 40 आणि पुढच्याची 200 असेल, तर मध्ये 80, 120, 160 असे तीन पिक्सेल भरले जातात. कागदावर त्या दोन बिंदूंच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ असली, तरी पेशीने ती वेगळी पाहिलेली नसते, आणि हिशेबाला ती कुठून कळणार? चित्र मोठे होते, फाइल फुगते, तपशील तेवढाच राहतो. हे काम फोटो सुधारण्याच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये नंतरही करता येते, त्यामुळे त्यासाठी स्कॅनरला पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेखाचित्रासाठी किंवा छापील मजकुरासाठी स्कॅनर आधी करड्या छटा वाचतो आणि मग प्रत्येक बिंदू काळा की पांढरा ते ठरवतो. हा निर्णय घेण्यापूर्वी इंटरपोलेशन केले, तर करड्या छटांत दडलेली कडेची जागा अधिक नेमकेपणाने हाती येते, आणि 600 डीपीआयच्या वाचनातून 1200 डीपीआयची खरोखर गुळगुळीत कड मिळते. जुन्या मासिकातील अनुस्वार किंवा रफार स्वच्छ यावा म्हणून हा उपाय उपयोगी आहे, फोटोसाठी नाही.

‘300 × 600’ या जोडीतला दुसरा आकडाही समजून घ्यावा लागतो. पहिला आकडा पट्टीवरच्या पेशींचा, तर दुसरा गाडा पुढे ढकलणाऱ्या स्टेपर मोटरच्या पावलांचा. मोटर अर्धे पाऊल टाकू शकते, पण पेशी पाहते तो तुकडा इंचाच्या तीनशेव्या भागाएवढाच असतो. त्यामुळे लागोपाठची वाचने एकमेकांवर चढतात आणि खरी सूक्ष्मता फारशी वाढत नाही. दोन आकड्यांपैकी लहान आकडा विश्वासाचा, हा नियम त्यातून आला.

पुढे ग्राहक शहाणे झाले आणि ‘फक्त ऑप्टिकल आकडा पाहा’ हा सल्ला सर्वमान्य झाला. माझ्या मते खरी फसगत इथूनच सुरू झाली, कारण आता ऑप्टिकल आकडाच फुगू लागला. उत्पादकांनी प्रत्येक रंगासाठी पेशींच्या दोन ओळी अर्ध्या पेशीच्या अंतराने सरकवून बसवल्या आणि दोन्हींची वाचने एकत्र गुंफली. यात नमुने खरोखर दुप्पट घेतले जातात, म्हणून आकड्याला खोटे म्हणता येत नाही. पण पेशीचा आकार तोच राहतो आणि नमुने पुन्हा एकमेकांवर चढतात. शिवाय साडेआठ इंचांचे दृश्य बोटभर सेन्सरवर उतरवणारे भिंग तितके तीक्ष्ण असावे लागते, आणि आकड्यांची मर्यादा बहुधा तिथेच येते. ऑप्टिकल रेझोल्यूशन म्हणजे किती वेळा पाहिले याचा आकडा. किती दिसले ते त्यातून कळत नाही.

किती दिसले हे मोजण्याची पद्धत जुनी आहे. ‘यूएसएएफ 1951’ या चाचणीपट्टीवर उतरत्या आकाराच्या तीन-तीन रेघांचे घटक असतात, आणि अशा सहा-सहा घटकांचा एक गट. स्कॅनमध्ये रेघा सुट्या दिसणारा सर्वांत बारीक घटक शोधायचा, त्यावरून मिलिमीटरमागे किती रेषाजोड्या दिसल्या ते काढायचे आणि त्या संख्येला 50.8 ने गुणायचे. पाचव्या गटातला चौथा घटक दिसला, तर सूत्र असे:

```
2^(5 + 3/6) = 45.25
45.25 × 50.8 ≈ 2300
```

2006 मध्ये आलेल्या एप्सन परफेक्शन व्ही700 वर 6400 डीपीआय असा दावा होता. फिल्म स्कॅनिंगचा व्यवसाय करणाऱ्या जर्मनीतील स्कॅनडिगच्या चाचणीत तो या पद्धतीने सुमारे 2300 भरला. 4000 डीपीआय सांगणारा निकॉनचा खास फिल्मसाठीचा कूलस्कॅन 5000 त्याच चाचणीत सुमारे 3900 पर्यंत पोहोचला. व्ही700 हा वाईट स्कॅनर मुळीच नव्हे. फ्लॅटबेडमध्ये तो वरच्या रांगेत गणला गेला.

या फरकाची किंमत 35 मिलिमीटरच्या एका निगेटिव्हवर मोजता येते. 24 × 36 मिलिमीटरची चौकट 6400 डीपीआयने घेतली, तर सुमारे साडेपाच कोटी पिक्सेल आणि साधारण 165 एमबीची फाइल तयार होते. खऱ्या 2300 डीपीआयच्या हिशेबाने त्यातली माहिती जेमतेम 70 लाख पिक्सेलांची, म्हणजे सुमारे 11 × 7 इंचांच्या चांगल्या प्रिंटपुरती असते. मात्र जुन्या स्टुडिओंतील 120 फिल्मच्या चौरस निगेटिव्हला हाच स्कॅनर बाजूला सुमारे 5000 पिक्सेल देतो, आणि त्यातून 16 इंचांचे प्रिंट निर्धास्त काढता येते. म्हणून निवड करताना आधी मूळ काय आहे ते पाहावे. कागदी फोटोसाठी 300 डीपीआय बहुतेक वेळा पुरते. 600 च्या पुढे फोटोतला तपशील संपून कागदाचा पोत दिसू लागतो. ते काम कोणताही बरा फ्लॅटबेड करतो. 35 मिलिमीटरच्या फिल्मसाठी मात्र फिल्म स्कॅनरच पाहावा.

पातळ, हलके, यूएसबीवरच चालणारे स्कॅनर बहुधा सीआयएस सेन्सरचे असतात. त्यांचा सेन्सर काचेला जवळजवळ चिकटून असतो. सपाट कागद त्यांवर सुरेख येतो, पण काचेपासून जरा उचललेला भाग, उदाहरणार्थ जाड पुस्तकाच्या शिवणीजवळच्या ओळी, लगेच अस्पष्ट होतो. बाडे आणि बांधीव दप्तरे स्कॅन करायची असतील, तर सीसीडीचाच स्कॅनर घ्यावा, मग आकडा लहान असला तरी चालेल.

चाचणीपट्टी हाताशी नसेल, तर दुकानात किंवा ओळखीच्या ठिकाणी एक सोपी परीक्षा घेता येते. बारीक तपशिलाचा छोटा तुकडा 4800 ला स्कॅन करावा, त्याची प्रत 2400 पर्यंत लहान करून पुन्हा मूळ आकाराएवढी मोठी करावी आणि दोन्ही चित्रे शंभर टक्क्यांवर शेजारी ठेवावीत. स्कॅन करताना सॉफ्टवेअरमधील शार्पनिंग बंद हवे, नाहीतर कडांभोवतीच्या पांढुरक्या रेषा तपशील असल्याचा भास निर्माण करतात. दोन्ही चित्रांत फरक दिसला नाही, तर 2400 च्या वरचे काहीही त्या स्कॅनरने पाहिलेले नाही. फिल्म तपासताना होल्डरची उंचीही बदलून पाहावी, कारण फिल्म फोकसच्या पातळीहून थोडी वरखाली असेल तर चांगले भिंगही अकारण नापास होते. व्ही700 च्या होल्डरला तीन वेगवेगळ्या उंचींची सोय त्यासाठीच दिलेली होती.