पत्रिकेतील एकच ओळ बदलायची असेल तर : गिम्प वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

श्रावण लागला की आमच्या इंदूरच्या छपाईच्या दुकानात एक विनंती हमखास येते : पत्रिका तयार आहे, चित्र मोबाइलवर आहे, फक्त वार किंवा वेळ बदलली आहे, तेवढी ओळ बदलून द्या. या कामासाठी दुकानात येण्याची दर वेळी गरज नसते. गिम्प हा चित्रे संपादित करण्याचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो आणि पत्रिकेची पार्श्वभूमी एकरंगी असेल तर हे काम घरच्या संगणकावर अर्ध्या तासात होते. पुढील पायऱ्या गिम्पच्या २.१० आणि ३.० या दोन्ही आवृत्त्यांत चालतात. मात्र हे माहितीपत्रक स्वतःच्या घरच्या किंवा मंडळाच्या पत्रिकेपुरते आहे. दाखले, गुणपत्रिका, पावत्या यांतील मजकूर बदलण्याचे काम आम्ही करत नाही आणि आपणही करू नये.

उदाहरणासाठी सुदामानगरातील एका घरच्या सत्यनारायणाच्या पूजेची पत्रिका घेऊ. पार्श्वभूमी फिकट सायीच्या रंगाची आहे, अक्षरे गडद तांबडी आहेत. मधली ओळ ‘रविवार, सायंकाळी ५ ते ८’ अशी आहे आणि ती ‘शनिवार, सायंकाळी ६ ते ९’ अशी करायची आहे. तिच्याखाली ‘दर्शनाचा लाभ घ्यावा’ ही ओळ आहे, ती तशीच राहील.

आधी पुसू नका

बहुतेक नवशिके प्रथम जुनी ओळ पुसतात आणि मग नव्या ओळीचा टंक व आकार अंदाजाने ठरवू लागतात. तोवर मोजायला काहीच उरलेले नसते, आणि नवी ओळ जराशी मोठी, जराशी बारीक किंवा जराशी वर बसते. आमचा सल्ला उलटा आहे. जुनी ओळ जागेवर असतानाच तिच्यावर तीच ओळ, म्हणजे ‘रविवार, सायंकाळी ५ ते ८’, पुन्हा टंकून पाहावी. ती जुन्या ओळीवर तंतोतंत बसली की टंक, आकार, रंग आणि जागा हे चारही प्रश्न एकदम सुटतात. त्यानंतर पुसणे आणि शब्द बदलणे एवढेच उरते.

मूळ चित्राची प्रत करून ती गिम्पमध्ये Ctrl+O ने उघडावी. O ही कळ दाबली की रंग उचलण्याचे साधन हाती येते. चित्र ४०० टक्के मोठे करून एखाद्या अक्षराच्या जाड दांड्याच्या बरोबर मध्यावर टिचकी द्यावी. कडेवर टिचकी देऊ नये, कारण अक्षर गुळगुळीत दिसावे म्हणून कडेचे ठिपके अक्षराच्या आणि पार्श्वभूमीच्या रंगांचे मिश्रण असतात. तिथला रंग उचलला तर नवी अक्षरे फिकट, धुतल्यासारखी दिसतात.

आता T दाबून मजकुराचे साधन घ्यावे, जुन्या ओळीच्या सुरुवातीला टिचकी द्यावी आणि जुनीच ओळ टंकावी. काही संगणकांवर थेट चित्रावर देवनागरी टंकताना अक्षरे नीट उमटत नाहीत. अशा वेळी साधनाच्या पर्यायांतील Use editor वर खूण करावी, म्हणजे वेगळी खिडकी उघडते, किंवा ओळ नोटपॅडमध्ये लिहून Ctrl+V ने आणावी. टंक आणि आकार हे डावीकडील पर्यायांच्या पट्टीतच बदलावेत. चित्रावर तरंगणारी जी छोटी पट्टी दिसते तिच्यातून निवडलेल्या अक्षरांपुरताच बदल होतो आणि पुढे अर्धी ओळ एका आकाराची, अर्धी दुसऱ्या आकाराची होऊन बसते.

आकार चाचपडत शोधण्यापेक्षा मोजून काढणे सोपे आहे. R दाबून आयताकृती निवडीचे साधन घ्यावे आणि जुन्या ओळीच्या पहिल्या ‘र’पासून शेवटच्या ‘८’पर्यंत आयत ओढावा, पर्यायांच्या पट्टीत Size खाली त्याची रुंदी दिसते. समजा ती ५४० पिक्सेल आली. आपण टंकलेली ओळ ४० आकारात ४८० पिक्सेल भरली, तर हवा असलेला आकार ४० गुणिले ५४० भागिले ४८०, म्हणजे ४५. मोजमाप झाले की Ctrl+Shift+A ने निवड काढून टाकावी. मग M दाबून हलवण्याचे साधन घ्यावे, पर्यायांत २.१० मध्ये Move the active layer, तर ३.० मध्ये Move the selected layers निवडावे आणि बाणांच्या कळांनी नवी ओळ एकेक पिक्सेल सरकवत जुन्या ओळीवर आणावी. ती बरोबर बसली की जुनी ओळ तिच्याखाली जवळजवळ दिसेनाशी होते. शिरोरेषा जुळते पण वेलांट्या बाहेर डोकावतात, असे झाले तर आकार बरोबर आहे आणि टंक वेगळा आहे असे समजावे.

टंक मुळीच मिळत नसेल, आणि जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या टंकांत बनवलेल्या पत्रिकांबाबत असे बरेचदा होते, तर हट्ट धरू नये. एकच ओळ परक्या टंकात ठेवली तर ती ठिगळासारखी दिसते. त्याऐवजी वार, वेळ आणि स्थळ हा सारा मजकूर पुसून तो एकाच नव्या टंकात बसवला, तर पाहणाऱ्याला ती पत्रिकेची मांडणीच वाटते.

आता पुसणे

उजवीकडील थरांच्या यादीत नव्या ओळीचा थर वर आणि मूळ चित्राचा थर खाली दिसतो. नव्या ओळीपुढील डोळ्याच्या चिन्हावर टिचकी देऊन ती लपवावी आणि मग मूळ चित्राच्या थरावर टिचकी देऊन तो निवडावा. ही टिचकी विसरली तर पुढची रंगभरणी मजकुराच्या थरावर होते आणि घरी सर्वाधिक फसणारी पायरी हीच आहे. तसे झालेच तर Ctrl+Z आहे.

खोडरबराचे साधन येथे वापरू नये. ज्या चित्राच्या थरात पारदर्शकतेची सोय नसते, उदाहरणार्थ नुकत्याच उघडलेल्या जेपीजीत, तिथे खोडरबर मागचा ठरलेला रंग फासतो, आणि तो बहुधा पांढरा असतो. सायीच्या रंगावर पांढरा पट्टा लगेच उठून दिसतो. पारदर्शकता असलेल्या चित्रात तो आरपार भोक पाडतो आणि राखाडी चौकटी दिसू लागतात.

त्याऐवजी O दाबून पर्यायांतील Sample average वर खूण करावी, म्हणजे एका ठिपक्याऐवजी आसपासच्या ठिपक्यांची सरासरी घेतली जाते. ओळीच्या डाव्या बाजूला, अक्षरांपासून थोडे दूर, टिचकी द्यावी. पुढच्या रंगाच्या चौकोनावर टिचकी दिली की रंगाचा सहा अक्षरी संकेत दिसतो. आपल्या पत्रिकेत तो `fbf5e6` आला असे धरू. हेच ओळीच्या उजव्या बाजूलाही करून पाहावे. दोन्हीकडे तोच किंवा अगदी शेजारचा संकेत आला तर पार्श्वभूमी खरोखर एकरंगी आहे. उजवीकडे `f3ead6` सारखे काही आले, तर डोळ्यांना दिसत नसली तरी तिथे रंगाची उतरण आहे, आणि एकाच रंगाचा पट्टा भरून ती झाकता येणार नाही. कागदी पत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो असला की असेच होते. असे चित्र आमच्याकडे आणावे. ते काम वेगळ्या रीतीने करावे लागते.

रंग एक असेल तर R दाबून ओळीभोवती आयत ओढावा, पण अक्षरांना चिकटून नव्हे. ४०० टक्क्यांवर पाहिले तर जेपीजीतील अक्षरांभोवती धुळीसारखे मळकट ठिपके दिसतात. जेपीजी चित्र ८ गुणिले ८ पिक्सेलांच्या चौकटींत दाबून साठवले जाते आणि रंगाच्या बाबतीत ही चौकट बरेचदा १६ पिक्सेलांपर्यंत पसरते. अक्षराचा गडदपणा त्या चौकटीत सांडलेला असतो. म्हणून चारही बाजूंनी किमान १६ पिक्सेल मोकळे सोडून आयत घ्यावा, फक्त शेजारच्या ओळीच्या मात्रा किंवा उकार त्यात येणार नाहीत हे पाहावे. मग Ctrl आणि स्वल्पविराम या कळा एकत्र दाबाव्यात. Edit मधील Fill with FG Color हाच तो आदेश. ओळ गेली. निवड Ctrl+Shift+A ने काढून टाकावी.

डाग उरला आहे का हे पडद्यावर नुसते पाहून कळत नाही, छपाईत मात्र कळते. मूळ चित्राचा थर निवडलेला असतानाच Colors मधील Levels उघडावे आणि वरच्या आलेखाखालील काळा त्रिकोण उजवीकडे २३० च्या आसपास न्यावा. फिकट छटांमधला फरक ताणला जातो आणि भरलेला पट्टा वेगळा असेल तर त्याच्या कडा किंवा राहिलेले ठिपके स्पष्ट दिसतात. पाहून झाल्यावर OK नव्हे, Cancel दाबावे.

नवे शब्द, आणि ‘श’ व ‘ल’

लपवलेला थर डोळ्याच्या चिन्हाने परत दाखवावा, तो निवडावा, T घेऊन ओळीवर टिचकी द्यावी आणि ‘रविवार’च्या जागी ‘शनिवार’, ‘५ ते ८’च्या जागी ‘६ ते ९’ लिहावे. ओळ मध्यावर असेल तर नवी लांबी थोडी बदललेली असते, तेव्हा M घेऊन आडवे बाण वापरून ती पुन्हा मध्यावर आणावी. उभे बाण दाबू नयेत, उंची आपण आधीच जुळवलेली आहे.

आता खालच्या ओळीतील ‘दर्शनाचा लाभ’ आणि नवा ‘शनिवार’ शेजारीशेजारी पाहा. ‘रविवार’ टंकताना हा प्रश्न आलाच नव्हता, कारण त्यात ‘श’ नाही. इंदुरात संगणक हिंदीसाठी सजवलेले असतात आणि टंकही हिंदी वळणाचा ‘श’ व ‘ल’ देतात. घरातील आजींच्या नजरेला तो पत्रिका हाती घेताच खुपतो. काही टंकांत दोन्ही वळणे असतात. मजकुराच्या साधनाच्या पर्यायांत सर्वांत खाली Language अशी जागा आहे, तिथे मराठी निवडले की असे टंक मराठी वळण दाखवतात. काहीच बदलले नाही तर त्या टंकात ते वळण नाही असे समजावे.

काम साठवताना दोन फाइली ठेवाव्यात. Ctrl+S ने `.xcf` फाइल तयार होते. तिच्यात मजकुराचा थर सुटा राहतो आणि वेळ पुन्हा बदलली तर फक्त शब्द बदलावे लागतात. पाठवण्यासाठी File मधील Export As घ्यावे आणि नावाच्या शेवटी `.png` लिहावे. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती चित्र म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावी, अन्यथा चित्र लहान होऊन पुन्हा दाबले जाते आणि अक्षरांभोवतीची तीच धूळ नव्याने येते.