डेटा मागणाऱ्या ईमेलची पूर्वपीठिका

परळला सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या एका मुलीने मला ईमेलचा मसुदा दाखवला. रक्तदाबावरच्या एका शोधनिबंधाच्या कॉरस्पाँडिंग ऑथरना, म्हणजे पत्रव्यवहारासाठी नाव दिलेल्या लेखकांना, तिला डेटा मागायचा होता. मसुद्यात एकच वाक्य: ‘कृपया आपला डेटा पाठवावा.’ मी म्हटलं, अगं, हे तर रीप्रिंटचं पोस्टकार्ड झालं!

झेरॉक्स सर्रास नव्हती तेव्हा निबंधाची प्रत अशा कार्डावर मागवत. निबंधाचं नाव, आपला पत्ता आणि आभार, एवढं पुरे. लेखकाकडे छापील प्रती पडून असत, त्यातली एक पाठवायला त्याला काही विचार करावा लागत नसे. डेटाची गोष्ट वेगळी. फाइल शोधा, रकान्यांचे अर्थ लिहा, नावं काढा. वर समोरचा आपली चूक तर काढणार नाही ना, ही धाकधूक.

हे किती जड जातं, ते 2005 मध्ये मानसशास्त्रज्ञ जेल्टे विखर्ट्स आणि सहकाऱ्यांना कळलं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियतकालिकांतल्या 141 निबंधांच्या लेखकांकडे त्यांनी डेटा मागितला. निष्कर्ष पडताळायला डेटा देऊ, असं त्या लेखकांनी आधीच लिहून दिलेलं होतं. तरी 400हून जास्त ईमेल गेले. काहींना अभ्यासाचा हेतू, नैतिकता समितीची मान्यता, डेटा इतरांना न देण्याची सही केलेली हमी, इतकंच काय, स्वतःचे बायोडेटाही पाठवले. सहा महिन्यांनी त्या निबंधांतल्या 249 अभ्यासांपैकी 64 अभ्यासांचा डेटा हाती आला.

म्हणजे हेतू सांगितला की डेटा मिळतोच असं नाही. पण हेतू नेमका असला तर मागणी लहान करता येते आणि लेखकाचं काम हलकं होतं, असं मला वाटतं. त्या मुलीचा हेतू तसा साधा होता. निबंधात दोन मोजण्यांची सरासरी घेतली होती. फक्त दुसरी मोजणी घेतली तर किती जण उच्च रक्तदाबाचे ठरतात, हे तिला बघायचं होतं. मग नवा मसुदा असा झाला:

‘आपल्या निबंधातील दुसऱ्या तक्त्यामागचे वय, लिंग आणि दोन्ही मोजण्या एवढेच चार रकाने मिळतील का? नाव, जन्मतारीख, पिनकोड नको. उपयोग फक्त माझ्या प्रबंधातील एका तक्त्यासाठी; फाइल पुढे कोणाला देणार नाही. निष्कर्ष वेगळा आला तर आधी आपल्याला कळवीन. फाइल आहे तशी चालेल.’

पिनकोड मुद्दाम वगळला. लिंग, पिनकोड आणि जन्मतारीख एकत्र आली की नाव नसूनही माणूस अनेकदा ओळखता येतो.

दुसरी अडचण काळाची. टिमथी व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी 2 ते 22 वर्षं जुन्या 516 अभ्यासांचा डेटा मागून पाहिला. 2014 मध्ये त्यांनी लिहिलं की डेटा शिल्लक असण्याच्या आणि नसण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर दर वर्षाला 17 टक्क्यांनी घटत जातं. छापलेले ईमेल पत्तेही बंद पडत जातात.

आम्हाला ज्याचा डेटा हवा होता तो निबंध बारा वर्षांचा. ईमेल दहा मिनिटांत परत आला. आता ती दुसऱ्या लेखकाचा सध्याचा पत्ता शोधते आहे.