हायलायटर : तेलकट आणि कोरड्या त्वचेवरील वापर

हायलायटर हे गालाचे हाड, नाकाचा दांडा, भुवईखालचे हाड अशा चेहऱ्याच्या उंचवट्यांवर लावायचे प्रसाधन आहे. ते पावडर, क्रीम, द्रव आणि स्टिक अशा रूपांत मिळते. त्याने पडणारी चमक त्वचेचीच वाटेल की वर भुरभुरलेल्या चमकीची, हे तीन गोष्टींवर ठरते: चमक देणाऱ्या कणांचा आकार, ते कण ज्यात मिसळले आहेत तो आधार आणि खालच्या त्वचेवरचे तेल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत हा फरक फार ठळकपणे दिसतो. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४ अंशांच्या वर जातो, तर मार्गशीर्षात धुळ्याकडे रात्रीचे तापमान एक अंकी होते, आणि लग्ने दोन्ही काळांत लागतात. वैशाखातल्या नवरीला शोभलेली डबी मार्गशीर्षातल्या नवरीला तशीच शोभेल असे मुळीच नाही.

त्वचेची चमक आणि चमकीची चमक

निरोगी त्वचा चमकते ती तिच्यावरच्या तेल-पाण्याच्या पातळ, सलग थरामुळे. हा थर गुळगुळीत असतो, म्हणून प्रकाश एका दिशेने परततो आणि उंचवट्यावर कडा नसलेला मऊ उजाळा दिसतो. हायलायटरमध्ये हे काम प्रामुख्याने अभ्रकाचे पापुद्रे करतात. त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ लेप असतो. लेप जाड होत जातो तशी चमक रुपेरीकडून सोनेरीकडे, मग तांबूस आणि निळसर छटांकडे सरकते. लोह ऑक्साइडचा लेप दिला की कांस्य आणि तांब्याच्या छटा मिळतात.

पापुद्रा साधारण १५ मायक्रॉनपेक्षा लहान असेल तर डोळ्याला वेगळे कण दिसत नाहीत, रेशमी लकाकी तेवढी दिसते. ५० मायक्रॉनच्या आसपास चमचम जाणवू लागते. १०० मायक्रॉनच्या पुढे एकेक ठिपका सुटा दिसतो, आणि तीच चमकी. डबीवर कणांचा आकार छापलेला नसतो, पण घटकांची यादी थोडा अंदाज देते. त्यात काचेचे पापुद्रे (बोरोसिलिकेट) किंवा पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट हे प्लास्टिक असेल तर चमचम ठळक असण्याची शक्यता मोठी. यादीपेक्षाही भरवशाची चाचणी उन्हात होते. बोटाने थोडे मनगटाच्या आतल्या बाजूला चोळावे आणि थेट उन्हात हात हळूहळू फिरवावा. चमक एकसंध सरकली तर माल बारीक आहे. ठिपके लुकलुकले तर तो लग्नाच्या उजेडात चमकीच दिसणार. दुकानातल्या पसरट पांढऱ्या दिव्याखाली हा फरक लपतो, म्हणून दाराबाहेर येऊनच पाहावे.

गव्हाळ आणि सावळ्या रंगावर रुपेरी-पांढरी छटा राखेसारखी फिकट दिसते. शॅम्पेन, पीच, जुन्या सोन्याची छटा आणि गडद वर्णावर कांस्य या छटा त्वचेत मिसळतात. डबीतला रंग त्वचेहून फार तर एक-दोन छटा उजळ असावा.

तेलकट त्वचा: वैशाखातली दुपार

त्वचा खरोखर कोणती, हे आधी पाहावे. चेहरा धुऊन तासभर काहीही लावू नये. मग पातळ टिश्यू कपाळ, नाक आणि गालांवर दाबावा. सगळीकडे डाग उमटला तर त्वचा तेलकट, फक्त कपाळ-नाकावर उमटला तर मिश्र, कुठेच उमटला नाही आणि चेहरा ओढल्यासारखा वाटला तर कोरडी. खानदेशी उन्हाळ्यात याला एक मेख आहे. हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच वाळतो, तेल मात्र चेहऱ्यावर उरते. मग दिवसातून चार-पाच वेळा साबणाने तोंड धुतले जाते आणि त्वचा एकाच वेळी तेलकट आणि पापुद्रे सुटलेली होते. अशा त्वचेला तेलकट समजून मॉइश्चरायझर टाळले की हायलायटर त्या पापुद्र्यांवर अडकतो. हलके, पाण्यासारखे जेल मॉइश्चरायझर तिलाही लागतेच.

समजा भुसावळला दुपारचा मुहूर्त आहे आणि नवरीची त्वचा तेलकट आहे. आदल्या दिवशीची तेल मिसळलेली हळद सौम्य फेसवॉशने पूर्ण उतरवावी. केसांच्या कडेला ती हमखास राहते आणि तिथला मेकअप पहिल्यांदा सरकतो. जेल आणि सनस्क्रीन लावून दहा मिनिटे थांबावे, वर आलेले तेल टिश्यूने टिपावे. फाउंडेशन पातळ लावावे. कपाळ, नाक, नाकाच्या बाजू आणि हनुवटी यांवर पावडर घासण्याऐवजी पफने दाबून बसवावी.

आता हायलायटर, आणि तो पावडरच. क्रीममधले तेल आणि मेण त्वचेच्या तेलात मिसळते, आधार सैल होतो आणि कण वाहत छिद्रांत जमतात. बारीक दळलेली, घट्ट दाबलेली पावडर इथे टिकते. लहान निमुळता ब्रश डबीला एकदाच टेकवावा, हाताच्या पाठीवर झटकावा आणि गालाच्या हाडाच्या सर्वात उंच कडेवर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली टेकवावा. तिथून कानशिलाकडे बोटभर रुंदीचा आणि सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा पट्टा पुरे. नाकाच्या दिशेने बुबुळाच्या बाहेरच्या कडेखालून जाणारी उभी रेघ ओलांडू नये, कारण तिच्या आत गालाची छिद्रे मोठी असतात आणि चमक प्रत्येक छिद्राला उठाव देते. कपाळाच्या मधोमध, नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर काहीच लावू नये. तिथे तासाभरात शरीर स्वतःच तेल आणून देते, आणि नथीचे मोती-खडे तेवढा प्रकाश नाकाजवळ आणतातच.

मुंडावळ्यांचाही विचार करावा लागतो. त्यांच्या लडी कानशिलावरून गालाच्या हाडाच्या बाहेरच्या टोकावर लोंबतात आणि मान हलली की तिथेच घासतात. पट्टा कानशिलापर्यंत ओढला तर तासाभरात त्याची रेघोटी होते. म्हणून मुंडावळ्या आधी बांधून त्यांची जागा पाहावी आणि पट्टा त्यांच्या आत, अर्धा बोट अलीकडे थांबवावा. ही काळजी मोठ्या मेकअपवर्गात सहसा शिकवली जात नाही, पण मराठी नवरीच्या बाबतीत ती महागड्या डबीपेक्षा जास्त कामाची आहे.

अक्षता पडेपर्यंत काय बिघडू शकते ते सांगता येते. पट्ट्याची खालची कड विरघळून गालावर उतरली किंवा नाकाजवळ बारीक चकाकते ठिपके दिसू लागले, म्हणजे तेलाने कण वाहून आणले. अशा वेळी वरून पावडर थापली तर तेल, पावडर आणि कण यांचा लगदा होतो. टिश्यू दाबून तेल घ्यावे, किंचित ओल्या स्वच्छ स्पंजने खालची कड टिपावी आणि तिथेच थांबावे. नवा हायलायटर लावायचा मोह टाळावा. मूळ पट्टा तेल निघाल्यावर बहुधा पुन्हा नीट दिसतो.

कोरडी त्वचा: मार्गशीर्षातली संध्याकाळ

कोरड्या त्वचेवर चमक देणारा तो सलग थरच तुटलेला असतो. वरचे पापुद्रे किंचित उचललेले असतात आणि पावडरचे कण त्यांच्या कडांवर आडवेतिडवे बसतात. प्रकाश विखुरतो, आणि गालावर रेशमाऐवजी चुरा दिसतो. म्हणून इथे आधी थर जोडायचा, कण नंतर. कित्येकदा कण लागतही नाहीत. मेण आणि तेलाचा पारदर्शक, चमकी नसलेला बाम गालाच्या हाडावर टेकवला तरी ओलसर, खरी वाटणारी लकाकी येते. माझ्या मते चाळिशीपुढच्या कोरड्या त्वचेसाठी तोच पहिला पर्याय असावा.

धुळ्याकडच्या संध्याकाळच्या लग्नासाठी क्रम असा: तोंड धुतल्यावर त्वचा ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले क्रीम लावावे आणि पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे. वर तरंगणारे क्रीम टिपून घ्यावे, नाहीतर फाउंडेशन घसरते. फाउंडेशन द्रव असावे आणि गालाच्या वरच्या भागावर पावडर अजिबात लावू नये. मग क्रीम हायलायटर, एका गालाला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. तो अनामिकेवर घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटाशी चोळावा, म्हणजे त्यातले मेण ऊब लागून मऊ होते. नंतर टेकवत, टेकवत बसवावा. ओढला तर खालचे फाउंडेशन उचलले जाते. इथे जागा जास्त घेता येते: गालाचे हाड, नाकाच्या दांड्याचा वरचा भाग, भुवईखालची कड, वरच्या ओठाची मधली कमान. नाकाचा शेंडा तरीही सोडलेला बरा, कारण थंडीत तिथेच पापुद्रे सुटतात.

सर्वात जास्त चूक होते ती क्रमात. पावडर बसल्यावर तिच्यावर क्रीम चोळले की बारीक वळ्या सुटतात आणि त्या पुन्हा गुळगुळीत होत नाहीत. ओल्यावर ओले, कोरड्यावर कोरडे, एवढा क्रम पाळला तर बहुतेक बिघाड टळतात. क्रीम बराच वेळ टिकवायचे असेल, तर ते बसल्यावर त्यावर त्याच छटेच्या बारीक पावडरचा ब्रश एकदाच टेकवता येतो. फार कोरड्या गालावर हेही करू नये.

मिश्र त्वचेवर दोन्ही रीती एकाच चेहऱ्यावर वापरतात: गालाच्या हाडावर क्रीम, कपाळ-नाकावर फक्त पावडर आणि शून्य चमक.

मर्यादा

हायलायटर उंचवटा दाखवतो, मग तो हाडाचा असो की पुटकुळीचा. मुरुमांचे फोड, खड्डे आणि उठलेले व्रण यांवर तो लावला की ते दुरूनही दिसतात. गालावर असे काही असेल तर चमक भुवईखालच्या हाडावर न्यावी आणि गाल सोडून द्यावा. फोटोसाठीही हात आखडता घ्यावा. समोरून फ्लॅश पडला की लेपित कण एकदम उजळतात आणि आरशात सौम्य वाटलेला पट्टा फोटोत पांढरा येतो. मुहूर्तापूर्वी मोबाईलचा फ्लॅश लावून एक फोटो काढला की हे लगेच कळते, आणि तेव्हा ब्रशने कडा पुसायला वेळही असतो.

गालावरची बारीक लव ही वेगळी अडचण आहे. पावडरचे कण लवेच्या टोकांवर अडकतात आणि बाजूने पाहिल्यास गालापासून अलग, धुरकट चमकतात. लव काढायची असेल तर ती लग्नाच्या किमान दोन-तीन दिवस आधी काढावी. त्याच सकाळी वॅक्स केलेली त्वचा लाल आणि जळजळती राहते आणि तिच्यावर कुठलेच रूप नीट बसत नाही. लव ठेवायची असेल तर तेलकट त्वचेलाही पावडरऐवजी पातळ द्रव हायलायटर अगदी थोडा, लवेच्या वाढीच्या दिशेने टेकवून लावतात.