टीव्हीत बाहेरून अ‍ॅप टाकण्याआधी
(आमच्याकडून टीव्ही घेतलेल्या आणि बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

"मोबाइलवर हे अ‍ॅप आहे, पण टीव्हीच्या प्ले स्टोअरमध्ये सापडत नाही. पेन ड्राइव्हवरून टाकून द्याल का?" असा फोन आम्हाला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. काही वेळा आम्ही हो म्हणतो, काही वेळा नाही. हो केव्हा आणि नाही का, ते फोनवर घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी, अ‍ॅप सापडत का नाही ते पाहू. टीव्हीचं प्ले स्टोअर फक्त तीच अ‍ॅप दाखवतं जी रिमोटवर चालतील असं बनवणाऱ्याने नोंदवलेलं असतं. बाकीची अ‍ॅप बहुतेक वेळा वाईट म्हणून वगळलेली नसतात, ती बोटाने सरकवण्यासाठी केलेली असतात. ती टीव्हीत टाकली तरी पडदा आडवा-उभा होतो, बटणावर रिमोट पोहोचत नाही, शेवटी माउस जोडावा लागतो. होम स्क्रीनवर त्यांचं चित्रही अनेकदा येत नाही, ती Settings मध्ये Apps च्या यादीत शोधावी लागतात. त्यामुळे आमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की तेच काम करणारं टीव्हीचं अ‍ॅप स्टोअरमध्ये आहे का. दहातल्या सात-आठ जणांचं काम तिथेच होतं.

नीट टाकलेलं एक अ‍ॅप

एका ग्राहकांकडे जुना टीव्ही आहे. लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून लावला की चित्र दिसायचं, आवाज मात्र येत नव्हता. आवाज ज्या पद्धतीने साठवलेला होता, ती टीव्हीच्या आतल्या प्लेअरला वाचताच येत नव्हती. व्हीएलसीला ती येते, पण त्या टीव्हीचं स्टोअर हे अ‍ॅप या उपकरणाला चालत नाही असं सांगत होतं. तेव्हा आम्ही बाहेरून टाकायचं ठरवलं.

फाइल घेतली ती व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेच्या स्वतःच्या साइटवरून. गूगलवर शोधलं की वर येणाऱ्या 'फ्री डाउनलोड' साइटांवरून नाही. व्हिडिओलॅनच्या साइटवर एकाच आवृत्तीच्या वेगवेगळ्या फाइल असतात. नावात arm64-v8a असेल ती ६४ बिटांच्या अँड्रॉइडची आणि armeabi-v7a असेल ती ३२ बिटांची. टीव्हीतली चिप ६४ बिटांची असली तरी आतलं अँड्रॉइड बऱ्याचदा ३२ बिटांचंच असतं, त्यामुळे चुकीची फाइल घेतली की App not installed एवढंच दिसतं आणि माणूस चक्रावतो. आम्ही armeabi-v7a वाली घेतली.

मग ती फाइल पूर्ण आणि तीच आली आहे का हे लॅपटॉपवर पडताळलं. बनवणारे फाइलबरोबर SHA-256 नावाचा एक लांबलचक आकडा देतात. विंडोजच्या Command Prompt मध्ये तो असा निघतो:

```
certutil -hashfile vlc.apk SHA256
```

(vlc.apk च्या जागी तुमच्या फाइलचं नाव.) पडद्यावर आलेला आकडा आणि साइटवरचा आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळला पाहिजे. मात्र एक लक्षात ठेवा, आकडा जुळला याचा अर्थ वाटेत फाइल बदलली नाही एवढाच. ज्या साइटवरून फाइल घेतली तीच खोटी असेल, तर तिथला आकडाही तिच्याच मालकाने लिहिलेला असतो.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून फाइल मॅनेजरमधून फाइल उघडली, की टीव्ही परवानगी मागतो आणि Unknown sources च्या यादीत नेतो. जुन्या अँड्रॉइडमध्ये एकच बटण सगळ्यांना दार उघडं करायचं. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते, आणि हा बदल फार चांगला झाला. आम्ही ती फक्त फाइल मॅनेजरला दिली, व्हीएलसी बसवलं, आणि लगेच त्याच यादीत परत जाऊन बंद केली. बंद केल्याने बसवलेलं अ‍ॅप काही थांबत नाही. ही शेवटची पायरी घरी हमखास राहून जाते. कृपया ती विसरू नका, कारण ज्या अ‍ॅपकडे ही परवानगी राहते ते उद्या दुसरं एखादं अ‍ॅप तुमच्यापुढे आणून ठेवू शकतं.

क्रिकेटच्या मोफत अ‍ॅपचं काय झालं

दुसरा अनुभव एका काकांकडचा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोफत मॅच दाखवणाऱ्या अ‍ॅपची लिंक आली होती. बरोबर सूचनाही होती, 'आधी Play Protect बंद करा, नाहीतर अ‍ॅप बसणार नाही.' Play Protect म्हणजे घातक अ‍ॅप ओळखून अडवणारा गूगलचा पहारेकरी. काकांनी तो बंद केला. अ‍ॅपने उघडल्या उघडल्या 'प्लेअर अपडेट' म्हणून आणखी एक फाइल बसवायला लावली आणि Accessibility ची परवानगी मागितली. तीही दिली. मॅच मात्र छान दिसायची, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी मुलाच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला. वेगवेगळ्या साइट 'तुम्ही रोबो नाही ना' म्हणून चित्रं ओळखायला लावू लागल्या. इंटरनेटवाल्याने दोनदा वायर बदलून पाहिली. आम्ही गेलो ते टीव्ही बघायला, पण आधी राउटरच्या पानावर कुठलं उपकरण किती डेटा घेतं-देतं ते पाहिलं. रात्रभर टीव्ही रिमोटने बंद होता, तरी त्याने सुमारे ६ जीबी डेटा बाहेर पाठवला होता. टीव्हीचा प्लग काढला आणि मीटिंग सुरळीत झाली.

टीव्ही बघताना डेटा आत येतो, बाहेर अगदी थोडा जातो. कोणी बघत नसताना टीव्ही भरपूर डेटा बाहेर पाठवत असेल, तर तुमच्या इंटरनेटमधून बहुधा दुसऱ्याच कोणाची ये-जा चालू आहे. असं अ‍ॅप तुमची जोडणी भाड्याने देतं आणि बाहेरच्या माणसाचे उद्योग तुमच्या घरच्या इंटरनेट पत्त्यावरून होतात. साइट रोबो समजू लागतात त्या यामुळेच. उद्या तिथून काही गैरप्रकार झाला, तर तपासात पहिला पत्ता तुमचा निघेल.

आणि Accessibility? ही सोय दृष्टी कमी असलेल्या किंवा इतर अपंगत्व असलेल्या लोकांसाठी आहे. तिच्यामुळे अ‍ॅपला पडद्यावरचं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. काकांच्या टीव्हीत अ‍ॅप काढायला Settings उघडलं की ते आपोआप मिटत होतं, ते याच परवानगीच्या जोरावर. शेवटी फॅक्टरी रीसेट केला, गूगलचा पासवर्ड बदलला आणि खात्यातून सगळी जुनी उपकरणं साइन आउट केली. सिनेमा दाखवणाऱ्या अ‍ॅपला या परवानगीचं काहीही कारण नसतं. मागितली तर तिथेच थांबा.

शिक्का खरा असूनही

अ‍ॅप बसवण्याच्या फाइलला एपीके म्हणतात. प्रत्येक एपीके फाइलवर बनवणाऱ्याचा डिजिटल शिक्का असतो. आधीच्या अ‍ॅपवरचा शिक्का आणि अपडेटवरचा शिक्का एकच नसेल, तर अँड्रॉइड अपडेट घेत नाही आणि package conflicts असं काहीतरी दाखवतं. अशा वेळी बरेच जण जुनं अ‍ॅप काढून नवं टाकतात. तसं करू नका, हाती आलेली फाइल बहुधा दुसऱ्याच कोणाची असते.

पण शिक्क्यालाही मर्यादा आहे. यूट्यूबवरच्या जाहिराती वगळणारं स्मार्टट्यूब हे अ‍ॅप अनेकांच्या टीव्हीत आहे. ते स्टोअरमध्ये नाही. त्याचा कोड सर्वांना पाहता येतो, आणि चांगलं नाव असलेलं अ‍ॅप आहे. नोव्हेंबर २०२५च्या शेवटी Play Protect ने लोकांच्या टीव्हीवर ते अचानक बंद केलं. बनवणाऱ्याच्या संगणकात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरून शिक्क्याची किल्ली चोरांच्या हाती गेली होती. ३०.५१ या आवृत्तीत libalphasdk.so नावाचा एक तुकडा सापडला, जो जाहीर कोडमध्ये कुठेच नव्हता. तो उपकरणाची माहिती गोळा करून गुपचूप बाहेरच्या सर्व्हरला पाठवत होता. शिक्का अस्सल असल्यामुळे टीव्हीने ते अपडेट विनातक्रार घेतलं. पुढे बनवणाऱ्याने जुना शिक्का सोडला आणि नव्या ओळखीने अ‍ॅप काढलं, म्हणजे लोकांना जुनं काढून नवं टाकावंच लागलं. असा बदल खरा असेल तर बनवणारा स्वतःच्या अधिकृत पानावर तो जाहीर करतो. तिथे वाचल्याशिवाय हलू नका.

या प्रकरणात धोका पकडला तो Play Protect ने. म्हणून कोणी ते बंद करायला सांगितलं, तर आमच्या मते तेवढ्यावरूनच त्या अ‍ॅपला नकार द्यावा. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये बॅडबॉक्स २.० या मालवेअरच्या जाळ्याबद्दल इशारा दिला, त्यातही Play Protect बंद करायला लावणं ही संशयाची खूण म्हणून सांगितली होती. तो इशारा मुख्यतः स्वस्त, अनोळखी कंपनीच्या अँड्रॉइड बॉक्ससारख्या उपकरणांबद्दल होता. काहींत मालवेअर ग्राहकाने विकत घेण्याआधीपासूनच असायचा. तसा बॉक्स घरात असेल तर फॅक्टरी रीसेटचा भरवसा धरू नका. रीसेटने तुम्ही टाकलेली अ‍ॅप जातात, कारखान्यातून आलेल्या सॉफ्टवेअरमध्येच बसलेलं काही जात नाही. असा बॉक्स आम्ही दुरुस्त करत नाही, नेटवरून काढायलाच सांगतो.

आमच्याकडे मागणी कराल तेव्हा

बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरची फाइल असेल, तर आम्ही पडताळून बसवून देतो आणि परवानगी बंद करूनच निघतो. पैसे देऊन बघायचं चॅनल फुकट दाखवणारी किंवा 'मॉड' म्हणून मिळणारी, कोणीतरी फेरफार केलेली अ‍ॅप आम्ही टाकत नाही, कितीही आग्रह झाला तरी. कारण त्यांच्यावरचा शिक्का मूळ बनवणाऱ्याचा नसतोच, आणि आत काय घातलं आहे हे आम्हालाही सांगता येत नाही.

बाहेरून अ‍ॅप टाकायचंच असेल तर टीव्हीवर घरच्या मुख्य जीमेलऐवजी वेगळं गूगल खातं ठेवा, त्याला कार्ड जोडू नका. राउटरमध्ये गेस्ट वाय-फाय असेल तर टीव्ही त्यावर टाका, म्हणजे काही बिघडलं तरी लॅपटॉप आणि मोबाइलपर्यंत पोहोचणं अवघड जातं. Developer options मधलं डीबगिंग, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून टीव्हीला आज्ञा देण्याची सोय, कोणी चालू करून ठेवलं असेल तर बंद करा. २०१८ मध्ये या डीबगिंगच्याच ५५५५ क्रमांकाच्या पोर्टमधून अँड्रॉइड बॉक्समध्ये क्रिप्टो चलन खोदणारा मालवेअर पसरला होता.

शंका आली तर आधी टीव्हीचा प्लग काढा, रिमोटने बंद करून भागत नाही. मग आम्हाला फोन करा आणि राउटरचा पासवर्ड हाताशी ठेवा, कारण आम्ही तपासाची सुरुवात तिथूनच करतो.