चाचणी ९९ टक्के बरोबर, तरी आजाराची शक्यता ९ टक्के

फोंड्याजवळच्या आमच्या गावात देवळाच्या सभागृहात रक्तदान शिबिर झाले. माझ्या भाच्याने पहिल्यांदाच रक्त दिले. आठवड्याभराने त्याला रक्तपेढीतून फोन आला: एचआयव्हीच्या तपासणीत नमुना ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आला आहे, समुपदेशन केंद्रावर येऊन पुन्हा तपासून घ्या. संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मामा, मी नेटवर बघितले. चाचणी ९९ टक्के बरोबर असते. म्हणजे मला आजार असण्याची शक्यता ९९ टक्के ना?”

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. हा प्रश्न वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो, पण घरातल्या माणसाने तो असा विचारला की खडू हातात धरवत नाही. तरीही आम्ही ओसरीवर बसलो आणि कागद घेतला, कारण त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर ९९च्या आसपासही नव्हते.

त्याची गफलत कुठे होत होती? मुसळधार पाऊस पडतो तेव्हा आकाशात ढग असतातच. पण ढग दिसले म्हणजे पाऊस पडेलच, असे आपण म्हणत नाही. ‘आजार असेल तर चाचणी तो पकडेल का’ हा एक प्रश्न आणि ‘चाचणीने पकडले तर आजार असेल का’ हा दुसरा. किटच्या माहितीपत्रकात पहिल्याचे उत्तर छापलेले असते. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचे हवे असते.

दुसऱ्याकडे जायचे तर आणखी एक आकडा लागतो: चाचणी होण्याआधी, त्या गटातल्या किती जणांना आजार असतो? भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन आहे. रक्तदाते प्रश्नावलीतून आणि बोलण्यातून आधीच गाळून घेतलेले असतात, त्यामुळे त्यांच्यात ते आणखी कमी. हिशेबासाठी आम्ही हजारात एक धरले.

आता शिबिरांना आलेले दहा हजार रक्तदाते डोळ्यांसमोर आणा. त्यांतल्या १० जणांना संसर्ग आहे. चाचणी अतिशय संवेदनशील, म्हणून दहाही सापडले असे धरू. उरलेल्या ९,९९० जणांना काहीही नाही, पण त्यांच्यापैकी शंभरातल्या एकाच्या बाबतीत चाचणी चुकून ‘आहे’ म्हणते. म्हणजे जवळजवळ १०० माणसे. (प्रत्यक्षातली अनेक किट याहून कमी चुकतात, एक टक्का मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतला.) एकूण ११० जणांना फोन जाणार आणि त्यांतले १० खरोखर बाधित. भाच्याची शक्यता अकरात एक, सुमारे ९ टक्के.

तो कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. “म्हणजे चाचणी वाईट आहे?” नाही. फोन येण्याआधी त्याची शक्यता हजारात एक होती, ती अकरात एक झाली. एका थेंबाने एवढी झेप घेणारी चाचणी वाईट कशी म्हणायची? सुरुवात फार खालून झाली होती, एवढेच.

हाच हिशेब आणखी आटोपशीर करता येतो. बाधित आणि निरोगी यांचे गुणोत्तर मांडायचे: आधी १ ला ९९९. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ निकाल बाधित माणसात जवळजवळ नेहमी मिळतो, निरोगी माणसात शंभरात एकदा. म्हणजे हा निकाल बाधित बाजूचे पारडे शंभरपट जड करतो. १ ला ९९९ ला शंभरने गुणले की साधारण १ ला १०. थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम तो हाच. आधीचे गुणोत्तर, त्याला पुराव्याचे वजन गुणायचे, आणि नवे गुणोत्तर मिळते.

आता तीच किट एखाद्या अशा केंद्रात वापरा, जिथे येणाऱ्या दहा हजारांत ५०० बाधित आहेत. खरे ५००, खोटे ९५. तिथला ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ ८४ टक्के खरा. किट तीच, निकालाचा शब्दही तोच, अर्थ मात्र समोरचा माणूस कुठून आला यावर ठरतो. म्हणूनच गोव्यात लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा विषय २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये निघाला, तेव्हा मला सगळ्यात आधी हे शंभर जण आठवले. साखरपुडा झालेल्या सरसकट मुलामुलींची चाचणी म्हणजे अगदी कमी प्रमाण असलेला गट. पहिल्या निकालावर सोयरीक मोडली, तर मोडलेल्या सोयरिकींत निरपराधच जास्त असतील.

मग रक्तपेढ्या इतके खोटे इशारे का चालवून घेतात? रक्तपेढीत वापरतात ती एलायझा चाचणी मुळात हो-नाही सांगत नाही. नमुन्याला किती रंग आला याचा ती एक आकडा देते आणि एका ठरावीक रेषेच्या वर गेला तर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. रेषा खाली आणली की बाधित पिशवी निसटण्याची शक्यता कमी होते, पण निरोगी माणसे जास्त अडकतात. पिशवी टाकून देण्याने एक पिशवी जाते, निसटली तर रुग्णाचे आयुष्य. रेषा खाली ठेवणेच योग्य. फक्त रेषेला जेमतेम शिवलेला निकाल आणि तिच्या दहापट वर गेलेला निकाल यांचे वजन सारखे नसते, आणि एका शब्दात सांगताना हा फरक पुसला जातो.

पुढची पायरी दुसरी चाचणी. ती वेगळ्या तत्त्वावर चालणारी असेल आणि तिच्याही चुका शंभरात एक असतील, तर १०० खोट्यांपैकी एकच टिकतो. खरे दहा, खोटा एक: ९१ टक्के. तिसऱ्या वेगळ्या चाचणीनंतर गुणोत्तर हजाराला एक. ज्याला लक्षणे नाहीत अशा माणसाला आपल्याकडे तीन वेगवेगळ्या चाचण्यांनंतरच ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात, त्यामागे हेच गणित आहे.

इथे ‘वेगळ्या’ या शब्दावर सगळे टिकून आहे. खोटा निकाल दर वेळी योगायोगाने येत नाही. काहींच्या रक्तात दुसऱ्या संसर्गामुळे किंवा स्वप्रतिकाराच्या आजारामुळे अशी प्रतिपिंडे असतात, जी त्या किटमधल्या प्रथिनाला चिकटतात. तेच रक्त त्याच किटवर पुन्हा लावले तर पुन्हा चिकटतील. समजा १०० खोट्यांतले ६० पुन्हा तसेच आले, तर १० खरे आणि ६० खोटे, म्हणजे सातात एक. दोनदा पॉझिटिव्ह येऊनही! बेझचा गुणाकार करताना दुसरा पुरावा खरोखर नवा आहे का, हे विचारले नाही तर हिशेब आत्मविश्वासाने चुकतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत केंद्रावर गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याला शांतपणे बरेच प्रश्न विचारले. ती विचारपूस म्हणजे आमच्या ‘हजारात एक’ची दुरुस्तीच होती, कारण तो आकडा गटाचा होता, त्याचा स्वतःचा नव्हता. पुढच्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या.

परतताना गाडीत त्याने स्वतःच मोबाईलवर हिशेब केला. १ ला १० पासून सुरुवात. बाधित माणसात निगेटिव्ह निकाल दोनशेत एकदा येतो असे धरले, तर एका निगेटिव्हनंतर १ ला २,०००. दुसरा निगेटिव्ह त्याने मुद्दाम गुणला नाही. “दोन्ही चाचण्या प्रतिपिंडेच शोधतात ना, मामा? संसर्ग अगदी ताजा असला आणि ती अजून तयारच झाली नसली तर दोन्ही एकदम चुकतील,” तो म्हणाला आणि बाईंनी पुन्हा तपासणीसाठी दिलेली तारीख मोबाईलमध्ये नोंदवून ठेवली.